काम मध्येच बंद झालं तर गुत्तेदाराला कशाचे पैसे मिळतात?

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर नांदेडच्या एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "काम चांगलं चाललं होतं, आमची काहीच चूक नव्हती, तरी खात्याने काम बंद करायला सांगितलं. हे खात्याला करता येतं का? आणि करता येत असेल तर आम्हाला काय मिळणार?" लातूरहूनही याच आशयाचे दोन प्रश्न आले. म्हणून आज आपण हा एकच विषय घेऊ. सरकारी खात्याने स्वतःच्या सोयीसाठी, गुत्तेदाराचा दोष नसताना, बांधकामाचा करार संपवणं आणि त्याचा मोबदला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. हो, करता येतं, कारण गुत्तेदाराने सही केलेल्या करारातच ते लिहिलेलं असतं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल.

नांदेड-लातूरकडची रस्त्यांची, इमारतींची बहुतेक मध्यम कामं बी-१ किंवा बी-२ या नमुन्यावर निघतात. सार्वजनिक बांधकाम खात्याचे हे जुने नमुने आहेत. बी-१ मध्ये खात्याच्या अंदाजपत्रकाच्या इतके टक्के वर किंवा खाली असा दर भरायचा, बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा स्वतंत्र दर भरायचा. आपल्या कामाचा फरक त्यात नाही, कारण करार संपवण्याची कलमं दोन्हींत सारखीच आहेत. करारातल्या कलमांना आपण आज 'क्लॉज' म्हणू आणि कायद्यातल्या कलमांना 'कलम', म्हणजे घोटाळा होणार नाही. आणि एक सूचना आधीच: आम्ही प्रचलित मजकूर सांगतो आहोत. आपल्या हातातल्या कराराची प्रत उघडून आकडे पडताळून घ्या, कारण काही निविदांत जादा अटी जोडलेल्या असतात.

या नमुन्यात गुत्तेदाराला बाहेर काढायचे दोन दरवाजे आहेत. क्लॉज ३ हा दोषाचा दरवाजा. काम रखडवलं, खराब केलं, सोडून दिलं, तर खातं करार रद्द करतं, अनामत जप्त करतं आणि उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेऊन जास्तीचा खर्च वसूल करू शकतं. क्लॉज १५ हा बिनदोषाचा दरवाजा. त्यात म्हटलंय की गुत्तेदाराच्या दोषाशिवाय इतर कोणत्याही कारणास्तव काम पूर्ण किंवा अंशतः थांबवावं, किंवा मुळीच करू नये, असं अभियंत्याला वाटलं तर तो तशी लेखी नोटीस देईल आणि गुत्तेदाराने काम थांबवायचं. झालेल्या कामाला धोका होणार नाही अशा टप्प्यावर थांबवायचं, आणि तो टप्पा कोणता हे अभियंता ठरवणार.

'कोणत्याही कारणास्तव' हे शब्द फार मोठे आहेत. निधी आला नाही, आराखडा बदलला, जमीन मिळाली नाही, तोच रस्ता दुसऱ्या योजनेत गेला, सगळं त्यात बसतं. राष्ट्रीय महामार्ग ३६१ आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून जातो. असा एखादा मार्ग राज्याकडून केंद्राच्या योजनेत गेला की राज्याने त्याच लांबीवर आधी काढलेल्या छोट्या कामाला अर्थ उरत नाही. खात्याने ते काम तरीही पूर्ण करावं असं कुणी म्हणणार नाही, कारण पैसा लोकांचाच जातो. त्यामुळे ही तरतूद मुळात वाईट आहे असं आमचं मत नाही. अमेरिकेत यादवी युद्ध संपल्यावर नौदलाला यंत्रांची गरज उरली नाही, तेव्हापासून सरकारी करार मध्येच थांबवून हिशोब मिटवण्याची ही कल्पना रुळली. वाद होतो तो हिशोबावर.

आता हिशोब. क्लॉज १५ ची सुरुवातच अशी आहे की पुढे दिलंय तेवढं सोडून गुत्तेदाराला कोणतीही भरपाई मागता येणार नाही. म्हणून 'पुढे दिलंय तेवढं' म्हणजे किती, हे नीट पाहू. एक कल्पित उदाहरण घेऊ, आकडे हिशोबाला सोपे पडावेत असे.

समजा लोहा तालुक्यातल्या एका जिल्हा मार्गाचं रुंदीकरण आहे. कराराची किंमत २ कोटी रुपये. चार महिन्यांत ६० लाखांचं काम झालं, त्यापैकी ४५ लाख रनिंग बिलांतून मिळाले. मग लेखी नोटीस आली: काम पूर्णपणे बंद करा. १ कोटी ४० लाखांचं काम शिल्लक राहिलं. गुत्तेदाराने उरलेल्या कामासाठी ५०० ब्रास खडी जागेवर आणून टाकली होती, ब्रासला २,५०० रुपये देऊन. मजुरांच्या झोपड्या, साइट ऑफिस, पाण्याची टाकी यांवर दीड लाख गेले होते. रोलर, पेव्हर परत न्यायला लाखभर लागणार.

पहिली बाब, झालेलं काम. ६० लाखांतून ४५ वजा जाता १५ लाख मिळायलाच हवेत. इथे वाद नसतो असं वाटतं, पण असतो. काम अर्ध्या थरावर थांबलेलं असतं. खडी पसरलेली आहे पण दाबलेली नाही, मुरूम टाकलाय पण पाणी मारलेलं नाही. ती बाब पूर्ण झाली नाही म्हणून मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे आपण जिला एमबी म्हणतो तिच्यात, येत नाही. आणि एक पावसाळा गेला की काळ्या मातीवरचा अर्धवट थर दिसतसुद्धा नाही. म्हणून नोटीस मिळाल्याच्या आठवड्यात संयुक्त मोजमापाची लेखी मागणी करायची, फोटो काढायचे, आणि एमबीतला आकडा पटत नसेल तर सही नाकारायची नाही, हरकत नोंदवून सही करायची. सही नाकारली तर खातं एकतर्फी मोजमाप करून मोकळं होतं.

दुसरी बाब, माल. क्लॉज १५ चा हा सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वाचलेला भाग. नोटीस मिळण्याच्या आधी गुत्तेदाराने या कामासाठी माल विकत घेतला असेल, किंवा घ्यायचं ठरवलं असेल, तर तो माल सरकारने पैसे देऊन ताब्यात घ्यावा अशी मागणी करता येते. 'घ्यायचं ठरवलं असेल' हे शब्द लक्षात ठेवा. नळ्यांची ऑर्डर देऊन अगाऊ रक्कम भरलेली आहे, माल अजून कारखान्यातच आहे, तरी तो यात येतो. पण तीन अटी आहेत. माल उरलेल्या कामाला लागणार होता त्यापेक्षा जास्त नको, दर्जा अभियंत्याला मान्य असलेला हवा, आणि कागदोपत्री पुरावा नोटिशीपासून ९० दिवसांत द्यायला हवा.

आपल्या उदाहरणात उरलेल्या कामाला खडी लागणार होती ४०० ब्रास. मग ४०० ब्रासच घेतली जाईल, वरची १०० ब्रास गुत्तेदाराची. दर अभियंता ठरवेल, पण खरेदीच्या दरापेक्षा जास्त कधीच नाही. म्हणजे आज बाजारात २,७०० चा भाव असला तरी २,५०० मिळणार, आणि अभियंत्याने २,३०० ठरवला तर २,३००. चढ्या भावाचा फायदा खात्याला, उतरत्या भावाचा तोटा गुत्तेदाराला. आम्हाला हे न्याय्य वाटत नाही, पण लिहिलंय ते असं आहे. पूर्ण दर धरला तर ४०० ब्रासचे १० लाख होतात. त्यासाठी क्रशरचं बिल, वाहतुकीचे पास, रॉयल्टीची पावती, पैसे दिल्याची बँकेतली नोंद, आणि या सगळ्यांवरची तारीख नोटिशीच्या आधीची हवी. रोखीने घेतलेल्या खडीचं पुढे काय होतं हे वेगळं सांगायला नको.

तिसरी बाब, बसून राहिलेली यंत्रं आणि मजुरी. इथे लोक फसतात. ही भरपाई काम तात्पुरतं थांबवून पुन्हा सुरू झालं तर मिळते. एका वेळी ३० दिवसांपेक्षा जास्त, किंवा सगळं मिळून ६० दिवसांपेक्षा जास्त थांबवलं, तर काम पुन्हा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. त्यातही पहिले ३० दिवस धरत नाहीत. म्हणजे ७५ दिवस काम बंद होतं तर ४५ दिवसांचं मागता येतं. पण आपल्या उदाहरणात काम कायमचं बंद झालं, पुन्हा सुरू झालंच नाही. त्यामुळे या पोटकलमात हात घालायला जागा राहत नाही.

झोपड्या, ऑफिस, टाकी आणि यंत्रांची वाहतूक, असे अडीच लाख? क्लॉज १५ मध्ये त्यांचा उल्लेख नाही. उरलेल्या कामावरचा नफा? उल्लेख नाही. थोडक्यात १५ लाख कामाचे, १० लाख मालाचे आणि अनामत परत. १० लाखांच्या मालाचे १० लाख म्हणजे कमाई नव्हे, फक्त सुटका.

आता हाच गुत्तेदार केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचं काम करत असता तर? त्यांच्या सर्वसाधारण अटींत क्लॉज १३ आहे. त्यात कामाचे आणि मालाचे पैसे आहेतच, शिवाय झोपड्या, तात्पुरते रस्ते, साइट ऑफिस यांसारखा प्राथमिक खर्च, यंत्रं परत नेण्याचा खर्च आणि बाहेरून आणलेल्या मजुरांना परत पाठवण्याचा वाजवी खर्चही आहे. मात्र त्या खर्चाला मर्यादा आहे, अपूर्ण राहिलेल्या कामाच्या किमतीच्या २ टक्के. १ कोटी ४० लाखांतून ताब्यात घेतलेल्या मालाचे १० लाख वजा केले की १ कोटी ३० लाख, त्याचे २ टक्के २ लाख ६० हजार. आपल्या माणसाचा खर्च अडीच लाख, म्हणजे तो पूर्ण बसतो. नफा तिथेही नाही. रेल्वेच्या अटींत, आणि नांदेड हे रेल्वेचं विभागीय मुख्यालय असल्यामुळे ही कामंही आपल्याकडे निघतात, क्लॉज ६१ आहे. निधीची टंचाई किंवा इतर कारणाने रेल्वे करार संपवू शकते. पूर्ण काम करायच्या अपेक्षेने केलेला खर्च मागता येतो, किती द्यायचा ते रेल्वे ठरवते, आणि नफ्यावर दावा नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

एकच काम, एकच नोटीस, आणि अडीच लाखांचा फरक फक्त कोणत्या नमुन्यावर सही केली यावरून पडतो. निविदा भरताना लोक दर तासन्‌तास घोळवतात आणि हे पान उलटून टाकतात.

इथे एक श्रोते विचारताहेत, "पण कायदा काही आहे की नाही? करारात नाही म्हणजे नाहीच?" बरोबर प्रश्न आहे. भारतीय करार कायदा, १८७२, याचं कलम ७३ सांगतं की करार मोडणाऱ्याने त्यातून साहजिक झालेलं नुकसान भरून द्यायचं. त्यात गेलेला नफाही येतो. ब्रिजपाल सिंग विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये उरलेल्या कामाच्या किमतीवर १५ टक्के अपेक्षित नफा मान्य केला, आणि द्वारका दास विरुद्ध मध्य प्रदेश या १९९९ च्या निकालात १० टक्के. आपल्या उदाहरणाला लावले तर १४ ते २१ लाख. पण कलम ७३ लागायला करार मोडलेला असावा लागतो. क्लॉज १५ ची नोटीस देऊन काम थांबवणं हे करार मोडणं नव्हे, करारात ठरलेला हक्क वापरणं आहे. म्हणून त्या दरवाज्याने बाहेर पडलेल्याला हे १४ लाख मिळत नाहीत.

मग ते कुणाला मिळतात? ज्याला चुकीच्या दरवाज्याने काढलं त्याला. आणि खरी गोष्ट इथे सुरू होते.

होतं असं. निधी येत नाही. साहेब फोनवर सांगतात, "जरा थांबा, पुढच्या महिन्यात बघू." गुत्तेदार थांबतो, संबंध बिघडवायचे नसतात. सहा महिने जातात. मग अधिकारी बदलतात, आणि नव्या साहेबांच्या समोरच्या फाइलमध्ये काय दिसतं? मुदत संपली, काम ३० टक्के, गुत्तेदार गैरहजर. थांबायला सांगितल्याचा एकही कागद नाही. मग क्लॉज २ खाली विलंबाचा दंड आणि क्लॉज ३ खाली करार रद्द. ज्या माणसाला बिनदोषाच्या दरवाज्याने, कामाचे आणि मालाचे पैसे घेऊन बाहेर पडायचं होतं, तो अनामत गमावून, दोषी ठरून बाहेर पडतो. पुढच्या निविदेत हे त्याच्या नावावर राहतं. हे आम्ही स्वतः जवळून पाहिलंय, कुठे ते सांगत नाही.

याला उपाय एका पानाचा आहे. क्लॉज १५ नोटीस लेखीच हवी म्हणतो, त्याचा आधार घ्यायचा. ज्या दिवशी तोंडी सूचना मिळाली त्याच दिवशी कार्यकारी अभियंत्याला पत्र द्यायचं: आपल्या आजच्या तोंडी सूचनेनुसार अमुक साखळीपासून काम थांबवलं आहे, जागेवर अमुक यंत्रं, इतके मजूर, इतका माल आहे, क्लॉज १५ खाली लेखी नोटीस द्यावी, अन्यथा काम सुरू ठेवतो. आवक शाखेत देऊन प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. भाषा नम्र ठेवा, पण पत्र द्या. व्हॉट्सॲपचा निरोप अगदीच निरुपयोगी नसतो, पण आवक क्रमांकाची सर त्याला नाही.

लेखी नोटीस मिळाली आणि तीत कायमचं बंद न म्हणता 'पुढील आदेशापर्यंत' म्हटलं असेल तर कॅलेंडर भिंतीवर लावा. काम सलग ९० दिवसांपेक्षा जास्त पूर्ण बंद राहिलं तर गुत्तेदाराला उरलेल्या कामातून स्वतःहून बाहेर पडता येतं. त्यासाठी ते ९० दिवस संपल्यापासून ३० दिवसांच्या आत, १० दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. मग खात्याने अंतिम मोजमाप करून ९० दिवसांत पैसे द्यायचे, आणि मालाची मागणी करायला या सूचनेपासून पुन्हा ९० दिवस मिळतात. ही खिडकी तीस दिवसांचीच. ती चुकली तर माणूस अडकतो, काम बंद आणि जबाबदारी चालू. मुदत संपली म्हणून हक्कच बुडाला असं म्हणणारी अट करार कायद्याच्या कलम २८ ला धरून नाही असा युक्तिवाद वकील करतील, आणि तो करण्यासारखा आहे. पण त्यावर भिस्त ठेवून तारीख चुकवू नका.

आता चुकीच्या दरवाज्याकडे परत. दोष गुत्तेदाराचा होता हे अभियंत्याने ठरवलं म्हणजे ठरलं का? नाही. जे. जी. इंजिनियर्स विरुद्ध भारत सरकार या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की करारातला एक पक्ष, दुसऱ्याने करार मोडला की नाही, याचा स्वतःच न्यायाधीश होऊ शकत नाही. मोडल्याचं सिद्ध झालं तर वसुलीची रक्कम किती, एवढंच अधिकारी ठरवू शकतो. म्हणून क्लॉज ३ चा आदेश न्यायालयात टिकला नाही तर तो खात्याने केलेला करारभंग ठरतो, कलम ७३ उघडतं आणि मग १० ते १५ टक्क्यांची भाषा सुरू होते. क्लॉज १५ वापरून जे १० लाखांत मिटलं असतं ते चुकीच्या क्लॉजमुळे खात्याला दुपटीने पडतं, वर व्याज आणि आठ-दहा वर्षं. खात्यातल्या श्रोत्यांनीही हे ऐकून ठेवावं: निधी नसताना दोष दाखवणं ही काटकसर नाही.

आणखी एक मर्यादा खात्यावर आहे. सोयीसाठी काम बंद करणं म्हणजे तेच काम आवडत्या माणसाला देण्यासाठी बंद करणं नव्हे. आंतरराष्ट्रीय कामांत वापरल्या जाणाऱ्या फिडिकच्या १९९९ च्या अटींत तर लिहूनच ठेवलंय की स्वतः काम करायला किंवा दुसऱ्याकडून करून घ्यायला हा अधिकार वापरता येणार नाही. बी-१ मध्ये असं वाक्य नाही. पण सरकार हे खासगी मालकासारखं लहरीने वागू शकत नाही. जुलै २०२४ मध्ये सुबोध कुमार सिंग राठोर यांच्या खटल्यात, कोलकात्याच्या भुयारी मार्गांच्या देखभालीचं कंत्राट तांत्रिक त्रुटीचं कारण देऊन रद्द केलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने मनमानी ठरवून रद्दबातल केलं. म्हणून बंद करण्याचं कारण फाइलवर लिहिलेलं असावं, आणि गुत्तेदाराने माहिती अधिकारात ती टिपणी मागावी. सहा महिन्यांनी त्याच लांबीवर तीच बाब नव्या निविदेत दिसली, तर ती निविदा जपून ठेवा.

एक खुलासा. २०२२ मध्ये राज्यात सरकार बदललं तेव्हा आधी मंजूर झालेल्या पण सुरू न झालेल्या बऱ्याच कामांना स्थगिती मिळाली आणि प्रकरणं उच्च न्यायालयात गेली. त्याची आठवण काढून अनेक जण विचारतात की तिथे क्लॉज १५ का नाही लागला. करार झाला, कार्यारंभ आदेश मिळाला, त्यानंतरच क्लॉज १५ जन्माला येतो. नुसती प्रशासकीय मान्यता किंवा निविदा उघडणं म्हणजे करार नव्हे, आणि तिथली भांडणं वेगळ्या पायावर होतात.

शेवटचा प्रश्न लातूरहून आलाय: "काम पूर्ण बंद नाही केलं, फक्त खडीकरणाची बाब कमी केली. काही मिळतं का?" मिळू शकतं. बाबीचं प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त घटलं आणि २५ टक्क्यांच्या वरच्या घटीची किंमत ५,००० रुपयांपेक्षा जास्त असली, तर मालाची तीच मागणी करता येते. १,००० ब्रासची बाब ७०० वर आणली तर घट ३०० ची, त्यातली २५० सोडून ५० ब्रास उरतात. निविदेच्या दराने ५० ब्रासची किंमत ५,००० च्या वर जाणारच, ही रक्कम कुठल्या काळात ठरवली असेल कोण जाणे. पण ९० दिवस इथेही लागू, आणि ते बदलाची सूचना मिळाली त्या दिवसापासून मोजायचे, अंतिम बिलापासून नाही. अंतिम बिलाबरोबर 'माझं काही येणं नाही' असा कागद सहीला येईल. आर. एल. कलाथिया विरुद्ध गुजरात या २०११ च्या निकालानुसार तसा दाखला दिला म्हणून दावा आपोआप बुडत नाही, तरी सही करण्याआधी हरकतीचं पत्र आवक शाखेत गेलेलं असू द्या.